ज्वारीचं पीठ सुरू करतोय, दळल्याची तारीख पाकिटावर असेल

नमस्कार,

येत्या बुधवारपासून आम्ही ज्वारीचं पीठ पाठवायला सुरुवात करतोय. तुम्ही आमच्याकडून कडक भाकरी किंवा शेंगा चटणी मागवता, म्हणून तुम्हाला कळवतोय. पीठ नको असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. तुमची नेहमीची ऑर्डर, तिचा भाव आणि पाठवण्याचा वार यांतलं काहीही बदललेलं नाही.

ज्यांनी नाव नोंदवताना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांवर खूण केली होती, त्यांना आज दोन मेल आले असतील. ऑर्डर कुठल्याही एकाच मेलवरून द्या, नाहीतर पीठ दुप्पट यायचं. कन्नड मेल आमच्या पॅकिंगच्या बाईंनी लिहिलाय. त्यांचं माहेर इंडी तालुक्यातलं. आमचा मजकूर समोर ठेवून ओळीला ओळ करण्यापेक्षा त्यांनी तो आपल्या पद्धतीनं सांगितलाय, त्यामुळे भाकरी थापण्याबद्दल तिकडे जरा जास्त आहे आणि हिशेबाबद्दल जरा कमी. भाव, वार आणि अटी दोन्हीकडे त्याच. पाकिटाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असेल. उत्तर ज्या भाषेत पाठवाल त्याच भाषेत तुम्हाला परत लिहू.

आता पिठाबद्दल. पुण्या-मुंबईहून आणि हुबळीहूनही मागणी जुनीच होती, पण आम्ही नाही म्हणत होतो. भाकरी कडक केली की ती पुष्कळ दिवस राहते, पिठाचं तसं नाही. ज्वारीचा दाणा भरडला की त्याच्या अंकुरातलं तेल मोकळं होतं, हवेला लागतं आणि पीठ हळूहळू खवट होऊ लागतं. त्यातच विरी जाते. मग कितीही मळा, थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि उचलायला गेलं की परातीतच मोडते. दुकानाच्या फळीवर दोन महिने पडून राहील असं पीठ विकण्यात आम्हाला रस नव्हता.

म्हणून आता उलटं करतोय. ऑर्डर आधी, दळण नंतर. रविवारी संध्याकाळपर्यंत आलेल्या ऑर्डरींची बेरीज करून तेवढीच ज्वारी सोमवारी निवडायची, मंगळवारी दळायची, पीठ रात्रभर निवू द्यायचं आणि बुधवारी सकाळी पाठवायचं. गरम पीठ पिशवीत बंद केलं की आतून ओल धरते, म्हणून ती एक रात्र सोडता येत नाही. पाकिटावर दळल्याची तारीख मोठ्या आकड्यांत असेल. त्या तारखेपासून महिन्याभरात संपवा. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये जमलं तर फ्रिजमध्ये.

ज्वारी मालदांडी, रब्बीची. ही काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर येते आणि कणसं भरताना सहसा पाऊस नसतो, त्यामुळे दाणा पांढरा, टपोरा राहतो. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत भिजली की काळी पडते. आमचा माल काही मंगळवेढ्याचा, काही मोहोळचा आणि काही सीमेपलीकडे इंडीच्या बाजूचा असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव वापरायचं तर रीतसर नोंदणी लागते आणि माल तिथलाच असावा लागतो. आमचा माल मिश्र आहे, म्हणून पाकिटावर नुसतं ‘मालदांडी ज्वारी’ एवढंच लिहिलंय. सध्या दळतोय ती गेल्या सुगीची ज्वारी. नवी फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल, तेव्हा पाकिटावर तसं लिहू.

एक गोष्ट नीट वाचा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, हे खरं. पण आमच्या शेडमध्ये दुसऱ्या जात्यावर गहूही दळला जातो आणि पीठ उडतं. सीलियाकचा त्रास असलेल्यांनी हे पीठ घेऊ नये. घरात कुणी पथ्यावर असेल, तर फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधावी. मधुमेहासाठी वगैरे आम्ही काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि तुमच्या गल्लीत गिरणी असेल, ओळखीच्या दुकानात चांगली ज्वारी मिळत असेल, तर तिथूनच दळून आणा. ते स्वस्त पडेल, शिवाय आमच्यापेक्षा ताजंही. हे पीठ मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांच्या जवळ अशी गिरणी उरलेली नाही, किंवा आहे पण गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळून देते.

भाकरी ज्यांच्या हातात बसली आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. नव्यानं करणाऱ्यांसाठी एवढंच: पाणी चांगलं कढत हवं. ग्लुटेन नसल्यामुळे या पिठाला आपली अशी ताण नसते. कढत पाण्यानं त्यातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. एका वेळी एका-दोन भाकरींपुरतंच मळा, तळहाताच्या टाचेनं रगडून मळा, आणि लगेच थापा. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवा, ते सुकत आलं की उलटा. पहिल्या दोन भाकऱ्यांचा आकार कसाही आला तरी चवीला फरक पडत नाही. पिठल्यात मोडून खाल्ल्यावर तर कुणाला कळतही नाही.

पाकीट एक आणि दोन किलोचं. एक किलो 90 रुपये, दोन किलो 175 रुपये, कर धरून. कुरियरचा खर्च वेगळा: महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात दोन किलोपर्यंत 70 रुपये, इतर ठिकाणी पिनकोड कळवलात तर आधी आकडा सांगू. भाकरी-चटणीच्या ऑर्डरीबरोबर मागवलंत तर एकाच खोक्यात घालतो, म्हणजे कुरियरचे पैसे दोनदा जात नाहीत. परदेशी सध्या पीठ पाठवत नाही. वाटेत किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, आणि महिन्यातले पंधरा दिवस प्रवासात गेले तर तुमच्या हाती काय राहणार?

ऑर्डरसाठी याच मेलला उत्तर द्या: किती किलो, आणि पत्ता बदलला असेल तर नवा पत्ता. पैसे बुधवारी, पार्सल निघाल्यावर. पीठ खवट निघालं तर पाकिटावरच्या तारखेचा फोटो पाठवा, पैसे परत करू. पीठ परत पाठवायची गरज नाही.

आंबिलीसाठी आणि कण्यांसाठी जाडसर भरड पाहिजे असं काहींनी आधीच विचारलंय. ती द्यायचा विचार आहे, पण जात्याची पाळी वेगळी लावावी लागते, म्हणून एका आठवड्यात निदान वीस किलोची मागणी जमली तरच भरडू. हवी असेल तर उत्तरात ‘भरड’ एवढं लिहा. तेवढी जमली नाही तर त्या आठवड्यात तसं कळवू.

वेळा अमावस्येच्या दिवशी गिरणी आणि पॅकिंग दोन्ही बंद राहील, कारण आमची निम्मी माणसं मराठी गावांतल्या रानात आणि निम्मी कन्नड गावांतल्या रानात जेवायला गेलेली असतात. त्या आठवड्यात दळण दोन दिवस पुढे जाईल. सणाच्या आंबिलीसाठी पीठ हवं असेल तर आधीच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत कळवा.

आपले,
कडक भाकरी आणि शेंगा चटणीवाले, सोलापूर

ता. क. असे मेल नको असतील तर ‘नको’ किंवा कन्नडमध्ये ‘बेड’ एवढं लिहून पाठवा. यादीतून नाव काढू, ऑर्डरीचे निरोप मात्र येत राहतील.