विमलमावशीचा क्यूआर

आमचं झेरॉक्सचं दुकान नाशिकला पवननगरच्या भाजीबाजाराच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे विमलमावशी आणि अलकाताईचं जे काय चालतं ते गिऱ्हाईक नसलं की मी बघत असतो. मावशीकडे पालेभाजी, मेथी शेपू कोथिंबीर, सीझनला हिरवा वाटाणा. शेजारी अलकाताईचे कांदे बटाटे लसूण. दोघी पंचवटीच्या मार्केट यार्डातून माल आणतात, टेम्पो एकच, भाडं अर्धं अर्धं आणि त्या अर्ध्यावरून रोज थोडी वादावादी.

मावशीकडे क्यूआर नव्हता. पण गिऱ्हाईकं तर दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही मोबाईल काढतात, मग मावशी हात करून सांगायची, "तिकडं मारा, अलकाच्या डब्यावर." म्हणजे मेथी विमलमावशीची आणि पैसे अलकाताईच्या बँकेत. संध्याकाळी दुकान आवरताना अलकाताई मोबाईल बघून रोख द्यायची. आता सांगा, गर्दीत कोणते वीस रुपये कांद्याचे आणि कोणते शेपूचे हे कोण लक्षात ठेवणार? मावशी म्हणायची माझे तीनशे चाळीस, अलकाताई म्हणायची दोनशे ऐंशी, मग मधलंच काहीतरी ठरायचं आणि दोघी थोडं थोडं तोंड वाकडं करून घरी.

एक दिवस अलकाताईच वैतागली. "विमलताई, माझ्या खात्यात तुमचे पैसे, सुट्टे माझ्या गल्ल्यातले, वर शिव्या पण मीच खायच्या? तुमचं तुम्ही काढा आता."

मावशीला राग आला पण गरजही होती. सागर, तिचा मुलगा, अंबडच्या कंपनीत शिफ्टला असतो, त्याने सुट्टीच्या दिवशी स्मार्टफोनवर अॅप टाकून दिलं आणि तिथंच गाडी अडली. बँकेच्या खात्याला जो नंबर होता तो मावशीच्या दिरांचा, खातं उघडताना ते सोबत गेले होते म्हणून त्यांचाच दिलेला. अॅप तर ज्या सिमवर बँकेचा नंबर आहे त्याच सिमवरून मेसेज पाठवून खातं ओळखतं. मग बँकेत जा, फॉर्म भरा, आधारची झेरॉक्स (ती आमच्याकडनंच), सही करा, थांबा. एकदा गेली तर सर्व्हर डाऊन. नंबर बदलून आला तेव्हा एटीएम कार्ड शोधायची वेळ, ते निघालं कपाटात साडीच्या घडीत, कधी वापरलेलंच नाही. नशिबाने मुदत संपलेली नव्हती. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना वर्ष, ओटीपी, आणि मग पिन. पिन टाकताना अलकाताई स्वतःहून पाठ करून बसली, भांडण असलं तरी एवढं तिला कळतं.

शिकवलं पण तिनेच जास्त. सागर आपला भराभर बटणं दाबून "असं असतं" म्हणून मोकळा, आईला काय दिसलं काय नाही याचा पत्ता नाही. अलकाताई मात्र एकच गोष्ट घासून घासून सांगायची. "पैसे यायला पिन लागत नाही. कुणी म्हणलं मावशी तुम्हाला पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका, तर फोन ठेवून द्यायचा. पिन म्हणजे पैसे जाणार. येणार नाही, जाणार." आणि दुसरं, "गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरची हिरवी टिक बघायची नाही, आपल्या मोबाईलवर आलं का ते बघायचं." खोट्या टिकेचं सोंग दाखवून एका पोराने तिची दोन किलो लसूण नेलेली, लसूण महाग होता तेव्हा. तिसरं म्हणजे सकाळी दुकान मांडलं की आपलंच स्टिकर आहे ना ते बघायचं, वर दुसऱ्याचं चिकटवून जातात लोक.

क्यूआर मी छापून दिला, लॅमिनेशन करून, कारण पावसाळा आणि मावशी भाजीवर सारखं पाणी मारणार. वजनकाट्याच्या दांडीला दोरीने लटकवला. पहिल्या दिवशी गंमत अशी झाली की जो तो स्कॅन करून विचारायचा, "विमल पगारे, बरोबर ना?" इतकी वर्षं सगळ्यांची नुसती मावशी होती ती. पहिल्यांदा दचकली, मग दोन दिवसांनी स्वतःच सांगायला लागली, "पगारे येतंय का बघा, मगच दाबा."

पण मोबाईल सारखा बघायचा म्हणजे हात ओले, मातीचे, स्क्रीन ऐकायची नाही. मग एक कंपनीचा पोरगा आला बोलणारा डबा घेऊन. महिन्याचं भाडं खात्यातून कापणार म्हणल्यावर मावशीने त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली, जशी यार्डात मेथीच्या शेकड्याला करते तशी. भाडं काय कमी झालं नाही, मात्र पोरगा जाताना कोथिंबिरीची जुडी विकत घेऊन गेला, तीही क्यूआरवर. डबा मराठीत ओरडला आणि शेजारचे चार दुकानदार वळून बघायला लागले. डब्याचा आवाज मात्र मावशीने लगेच कमी करून घेतला. का, तर म्हणे दिवसाला किती आले हे सगळ्या बाजाराला कशाला कळायला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे दिरांना. त्यांचं चहाचं दुकान दहा पावलांवर.

आता उधारी. मावशीची वही हे वेगळंच प्रकरण. लिहिता येतं, पण नावं कुणाची माहीतच नाहीत, म्हणून ओळख लिहिलेली. टोपीवाले काका. गल्लीतली बडबडी वहिनी. मेस. स्कूटीवाल्या मॅडम. मोबाईल नंबर मात्र बऱ्याच जणांचे पुढं लिहिलेले, कारण माल आला की फोन करायची. सागरने एका रविवारी बसून उधारीच्या अॅपमध्ये हे सगळं भरलं, आई वाचतेय आणि हा टाइप करतोय, जसं लिहिलंय तसं. मग म्हणाला, आई हे आठवणीचं बटण, दाबलं की बाकी किती ते त्यांना व्हॉट्सअॅपवर जातं, तुला तोंड उघडायची गरज नाही. दाबू का सगळ्यांना? मावशी म्हणाली, दाब.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जत्रा. मेसेज गेलेला असा:

"नमस्कार टोपीवाले काका, आपल्याकडे ₹४६० बाकी आहेत. कृपया त्वरित भरावे."

बडबड्या वहिनींनी तर मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, "नमस्कार बडबडी वहिनी! मावशी, हे काय हो?" पण हसत होत्या, आणि एकशे वीस रुपये तिथंच मारून गेल्या. स्कूटीवाल्या मॅडमनी काही न बोलता पैसे टाकले आणि त्यानंतर आठवडाभर दुसऱ्या भाजीवाल्याकडे दिसल्या. मेसवाल्याने निळ्या टिका केल्या, उत्तर नाही. त्याचे सगळ्यात जास्त, २,८६०.

टोपीवाले काका मात्र खरोखर दुखावले होते. रिटायर माणूस, चार आण्याचा हिशोब ठेवणारा. आले ते टोपी न घालताच, आणि मोबाईल पुढं धरला. "मावशी, मी पैसे दिलेत. तारीख बघा. पोळ्याच्या आदल्या दिवशी. तुमच्याच सांगण्यावरून." मावशीने वही काढली, वहीत नाही. अॅपमध्ये नाही. डब्याची हिस्टरी काढायची तर डबा तेव्हा नव्हताच. मी पण दुकानातून खाली उतरलो. काकांच्या मोबाईलवर स्वच्छ दिसत होतं, ४६० रुपये, आणि ज्याला गेले त्याचं नाव अलकाताईचं.

अलकाताई बटाटे निवडत होती ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी लवकर गेले होते ना गं, सासूला दवाखान्यात न्यायचं होतं. संध्याकाळचा हिशोब राहिला असेल." असेल. तिने मुद्दाम केलं असं मला तरी वाटत नाही, गर्दीचा दिवस होता तो. मावशी एवढंच म्हणाली, "बरं." काकांच्या पिशवीत मेथीची जुडी टाकली, पैसे घेतले नाहीत, त्यांचं खातं अॅपमध्ये शून्य करून दाखवलं आणि नाव विचारून घेतलं. काका म्हणाले, टोपीवालेच राहू द्या, पण शेवटी सांगितलं नाव.

त्या दुपारी मावशी माझ्याकडे आली. म्हणे तो त्वरितवाला मेसेज बंद कर, मी बोलते तसा लिही. मी म्हणलं तुम्हीच बोला, माईकचं चित्र दाबून. पहिल्यांदा मोबाईलने "मेथी" चं "मैत्री" केलं, मग जमलं. मेसवाल्याला गेलेला मेसेज मी बघितलाय:

"नमस्कार दादा, मी पवननगरची भाजीवाली विमल पगारे. मेसच्या भाजीचे २,८६० बाकी आहेत. एकदम नाही जमलं तर थोडे थोडे टाका, पण टाका. मलाही यार्डात रोख द्यावे लागतात. आधी दिले असतील तर तारीख सांगा, मी बघते."

तासाभरात डबा बोलला, एक हजार. आणि खाली उत्तर, मावशी राहिलेले पाच तारखेला, पोरांचे पैसे आले की. मावशीने लगेच पाच तारखेची आठवण लावून घेतली. सकाळी अकराची, कारण मेसवाला दहापर्यंत झोपतो हे तिला माहीत आहे. हे कुठल्या अॅपला कळणार.

राहिले ते ४६०. तीन दिवस दोघी त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. टेम्पो एक, चहा एक, डब्यातली भाजी पण एकमेकींना देणं चालू, फक्त तो विषय सोडून. चौथ्या दिवशी दुपारी बाजार सुस्त असताना अलकाताईचा मोबाईल वाजला. तिने बघितलं. मग मान वर करून हाताच्या अंतरावर बसलेल्या मावशीकडे बघितलं.

"शेजारी बसून मेसेज टाकता का हो विमलताई?"

मावशी शेपूच्या मुळ्या कापत होती. "सगळ्यांना टाकलाय, तुला एकटीला थोडीच."

"सगळ्यांना? यात 'नमस्कार अलका' लिहिलंय."

"मग काय टोपीवाले काका लिहू?"

अलकाताई उठली, मावशीच्या काट्याला लटकवलेल्या क्यूआरसमोर मोबाईल धरला, "पगारे येतंय" असं मुद्दाम मोठ्याने म्हणाली आणि बटण दाबलं. डबा बोलला, चारशे रुपये.

"चारशे?" मावशी.

"मंगळवारच्या टेम्पोचे साठ कुणी दिले होते?"

"मंगळवारी? मंगळवारी मी दिले होते!"

"दाखवा वहीत."

मावशीने कोयता खाली ठेवला, हात साडीला पुसले आणि वही उघडली, आणि मी गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेलो.