विषय: लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा – अभिप्रायासाठी

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा सोबत जोडला आहे. मागच्या वेळी देवनागरी फॉन्ट बिघडून आपल्याला अर्धे पान चौकोनांचे दिसले होते, म्हणून या खेपेस Prakaran2_Masuda.docx बरोबर त्याची पीडीएफ प्रतही पाठवत आहे. एकूण पाने 34 आहेत. सगळी वाचायला वेळ नसल्यास पृष्ठ 17 ते 26 एवढी तरी पाहावीत, कारण माझी खरी अडचण तिथेच आहे.

पहिल्या प्रकरणावर आपण लिहिले होते की समीक्षकांची रांग दिसते, पण माझे म्हणणे त्या रांगेत शेवटी उभे आहे. ते मनाला लागले आणि पटलेही. त्यामुळे या वेळी संज्ञाप्रवाहाचा इतिहास, म्हणजे विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये मानसशास्त्रात रूढ केलेली ही संकल्पना मे सिंक्लेअर यांनी 1918 मध्ये डॉरथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांना कशी लावली हा भाग, दीड पानात आटोपून थेट दोन कादंबऱ्यांकडे वळले आहे: व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘टु द लाइटहाऊस’ (1927) आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963). त्यातही मी दोनच मृत्यू समोरासमोर ठेवले आहेत. मिसेस रॅमझे यांचा मृत्यू वुल्फ चौकोनी कंसातल्या एका वाक्यात उरकतात, तर मनीच्या मृत्यूनंतर पांडुरंगाचा शोक थांबता थांबत नाही. माझे म्हणणे असे की, एकीकडे कमालीचा संकोच आणि दुसरीकडे अनावर विस्तार दिसत असला, तरी मृत्यूचे रीतसर, क्रमवार निवेदन करता येते या वास्तववादी कादंबरीच्या भरवशाला दोन्ही ठिकाणी तडा गेलेला आहे.

आता अडचण सांगते. वुल्फ यांच्या त्या वाक्यात मिस्टर रॅमझे अंधाऱ्या पहाटे बोळातून अडखळत जाताना हात पुढे करतात आणि ते हात रिकामेच राहतात. पत्नी आदल्या रात्री वारल्याची बातमी मध्येच, गौण उपवाक्यात येऊन जाते. मराठीत ‘वारल्यामुळे’ केले की त्याला कारणाचा ठसठशीतपणा येतो, ‘वारल्या होत्या’ केले की ती बातमी मुख्य वाक्य होऊन बसते आणि ‘वारल्या असल्याने’ तर सरकारी पत्रासारखे वाटते. पृष्ठ 19 वर मी तिन्ही पर्याय देऊन त्यांवर परिच्छेदभर लिहिले आहे. ही चर्चा प्रकरणाच्या गाभ्याशी निगडित आहे असे मला वाटते, परंतु तो केवळ भाषांतराचा प्रश्न ठरत असेल तर ती तळटीपेत नेण्याची माझी तयारी आहे. (खरे सांगायचे तर तो परिच्छेद लिहायला मला चार दिवस लागले, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही.)

दुसरी शंका ‘कोसला’तल्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांविषयी आहे. स्वतःचे वय सांगतानाही निवेदक ‘उदाहरणार्थ’ म्हणतो, याचा अर्थ मी विधानावरचा अविश्वास असा लावला आहे. पण या लकबीला आधुनिकतावादी तंत्र म्हणताना मी कॉलेजातल्या मुलांच्या बोलीवर आणि तिच्यातल्या विनोदावर अन्याय तर करत नाही ना? शिवाय नेमाडे यांच्या नंतरच्या देशीवादी भूमिकेचा उल्लेख मी जाणूनबुजून केलेला नाही, कारण ती भूमिका मागे नेऊन 1963 च्या कादंबरीवर लादणे मला योग्य वाटले नाही. मौखिक परीक्षेत हा प्रश्न हमखास येईल, तेव्हा निदान एक परिच्छेद तरी द्यावा का, हे आपण सांगावे.

एक चूक माझी मलाच सापडली. ‘मॉडर्न फिक्शन’ या निबंधापुढे मी 1919 हे साल लिहिले होते. त्या वर्षी तो ‘मॉडर्न नॉव्हेल्स’ या नावाने आला होता आणि सुधारून नव्या शीर्षकाने 1925 मध्ये संग्रहात समाविष्ट झाला. तेवढे दुरुस्त केले आहे. ‘आधुनिक’ आणि ‘आधुनिकतावादी’ यांतली माझी सरमिसळही बरीचशी काढली आहे. तरी कुठे राहून गेली असल्यास कृपया खूण करावी.

अंतिम प्रत 30 एप्रिलपर्यंत विभागात द्यायची आहे. आपल्या सोयीने दहा-बारा दिवसांत अभिप्राय मिळाल्यास मला पुनर्लेखनाला पुरेसा अवधी मिळेल. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या खुणाही चालतील. बुधवारी दुपारी आपण विभागात असता, तेव्हा छापील प्रत घेऊन मी ऐरोलीहून येऊ शकते. इतर दिवशी दुपारी दोननंतर मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात असते, तिथूनही निघता येईल.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
एम. ए. मराठी, भाग 2