प्रोटोकॉल, भाग ७: सॅम्पल साइझ आणि त्यामागची कारणं

या ट्रायलमध्ये रँडमाइज पेशंट होत नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रं होतात, म्हणजे एक केंद्र हा एक क्लस्टर. मुख्य आउटकम: १२ महिन्यांनी बीपी १४०/९० च्या खाली असलेल्या पेशंटचं प्रमाण. कंट्रोल आर्ममध्ये ते ४०% धरलंय आणि इंटरव्हेन्शनमध्ये ५५%, कारण १५ पॉइंटपेक्षा कमी फरकासाठी नर्सचा एवढा वेळ खर्ची घालणं आम्हाला योग्य वाटत नाही. दुतर्फी अल्फा ५%, पॉवर ८०%. पेशंट सुटे सुटे रँडमाइज केले असते तर दर आर्मला १७१ पुरले असते.

पण एकाच केंद्रातले पेशंट तोच डॉक्टर, तोच औषधसाठा वाटून घेतात, त्यामुळे त्यांचे निकाल एकमेकांसारखे येतात आणि प्रत्येक जण पूर्ण नवी माहिती देत नाही. हे साम्य किती ते आयसीसी सांगतो. प्राथमिक आरोग्यसेवेत पेशंटच्या आउटकमसाठी तो बहुधा ०.०५ च्या आत असतो, म्हणून आम्ही वरची बाजू, ०.०५, घेतली. पायलटमधून काढला नाही, कारण चार-सहा केंद्रांतून निघालेल्या आयसीसीची रेंज इतकी रुंद असते की त्यावर अख्खी ट्रायल उभी करता येत नाही.

दर केंद्रातून सरासरी ३० पेशंट अॅनालिसिसला मिळतील, पण केंद्रं लहानमोठी आहेत, म्हणून क्लस्टर साइझचा सीव्ही, म्हणजे सरासरीच्या तुलनेत त्यातला चढउतार, ०.४ धरलाय. सॅम्पल किती पट वाढवायचं ते डिझाइन इफेक्ट, DE, सांगतो; m म्हणजे हे सरासरी ३० पेशंट:

```
DE = 1 + ((1 + CV²)m − 1) × ICC
   = 1 + (1.16 × 30 − 1) × 0.05 = 2.69
```

१७१ × २.६९ = ४६०, म्हणजे दर आर्मला १६ केंद्रं. क्लस्टर कमी असल्याने टी-डिस्ट्रिब्युशनसाठी एक वाढवलं आणि एखादं केंद्र मध्येच बाहेर पडलं तर म्हणून अजून एक, झाली १८. पेशंटची गळती १५% धरून ३० ÷ ०.८५ = ३६ प्रति केंद्र. एकूण ३६ केंद्रं, १,२९६ पेशंट.

केंद्रं कमी घेऊन प्रत्येकातून जास्त पेशंट का नाही, हे रिव्ह्यूमध्ये विचारलं जाणारच. आयसीसी ०.०५ असताना सगळी केंद्रं सारख्या आकाराची असली तरी ३० पेशंट म्हणजे जेमतेम १२ स्वतंत्र पेशंटएवढी माहिती, ६० केले तर १५, आणि कितीही भरती केली तरी २० च्या पुढे जात नाही, मग उगाच तेवढ्या लोकांना ट्रायलमध्ये ओढणं आम्हाला नैतिकदृष्ट्या पटत नाही.

आयसीसी ०.०२ निघाला तर वरची वाढ सोडून १० केंद्रं प्रति आर्म पुरतात. ०.०८ निघाला तर २२ लागतील, आणि आमच्या १८ पैकी एक गळून उरलेल्या १७ केंद्रांवर पॉवर ७०% च्या आसपास येईल. ही जोखीम आम्ही विचार करून घेतोय, कारण त्याहून जास्त केंद्रांवर नर्सना नीट ट्रेनिंग देणं टीमला झेपणार नाही. अॅनालिसिस मिक्स्ड मॉडेलने, केंद्र रँडम इफेक्ट म्हणून, स्मॉल-सॅम्पल करेक्शनसह. प्रत्यक्षात मिळालेला आयसीसी कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट छापू, कन्सॉर्टचं क्लस्टर ट्रायलसाठीचं २०१२ चं एक्स्टेन्शनही मुख्य आउटकमचा आयसीसी मागतं.