मामांच्या आयकर नोटिशीचा गोषवारा

मामा, तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून नीट वाचले. आधी हवं ते:

भरायला सांगितलेली रक्कम: 18,250 रुपये
शेवटची तारीख: 11 जानेवारी 2025, शनिवार
मागणीचा संदर्भ क्रमांक: 2024202437098123456T
कर निर्धारण वर्ष 2024-25, कलम 143(1), बंगळुरूच्या केंद्राकडून, नोटिशीची तारीख 12 डिसेंबर 2024

कागदाची घडी नेमकी रकमेवर आली आहे, त्यामुळे 18,2 नंतरचा आकडा फोटोत पुसट दिसतो. म्हणून वरच्या ओळींची बेरीज करून पाहिली. कर 16,000, कलम 234B चं व्याज 1,440, 234C चं 808, एकूण 18,248. दहाच्या पटीत धरून 18,250. म्हणजे तो आकडा 5 च आहे, शंका नको. संदर्भ क्रमांकातला 8 पहिल्या फोटोत 3 सारखा वाटत होता, दुसऱ्यात स्पष्ट आहे. वर कोपऱ्यात पंधरा आकडी पावती क्रमांक आहे तो तुमच्या रिटर्नचा, तो इथे चालायचा नाही.

तारीख नोटिशीत थेट छापलेली नाही. 'मिळाल्यापासून 30 दिवस' असं आहे. ईमेल तुम्हाला 12 तारखेलाच आला, तिथून मोजून 11 जानेवारी निघते. त्यानंतर महिन्याला एक टक्का व्याज लागतं, म्हणजे 182 रुपये, आणि महिन्यातला एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात.

आता महत्त्वाचं. लगेच पैसे भरू नका. रिटर्नमध्ये आपण 24,600 टीडीएस दाखवला होता, त्यांनी 8,600 च मान्य केला. 16,000 चा फरक तिथलाच आहे. तुमच्या पगारातून तो कापला गेलाय, कंपनीने पुढे जमा केलेला दिसत नाही. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कलम 205 तसंच सांगतं. मला याचा फार राग आला, कारण तुम्ही एक पैसाही चुकवलेला नाही.

एप्रिल 2023 ते मार्च 2024 च्या बाराही पगारपावत्या आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट काढून ठेवा. 4 जानेवारीला मी सांगलीला येतेय. तेव्हा पोर्टलवर Pending Actions मधल्या Response to Outstanding Demand मध्ये जाऊन मागणी मान्य नसल्याचं उत्तर आपण दोघं मिळून टाकू. त्याआधी Authenticate notice/order issued by ITD वर नोटीस खरी आहे का तेही मी तपासते.

तोवर कर भरा म्हणून मेसेजमध्ये कुठलीही लिंक आली तर उघडू नका, आधी मला फोन करा. मामींनाही सांगून ठेवा.