कपाशीच्या चर्चेची माझी स्क्रिप्ट (स्लाइड पाहून काढलेल्या प्रश्नांसकट)

रविवार, सकाळी ११. ग्रामपंचायत सभागृह, राळेगाव तालुका. वेळ दीड तास, ११ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, ते धरूनच खालचे मिनिटं टाकले आहेत.

लाइट गेली तर प्रोजेक्टर बंद, माइक पण बंद. म्हणून चौघांच्या ज्या स्लाइडवर प्रश्न आहे तेवढ्या प्रिंट काढून ठेवल्या, मोठ्या अक्षरात. पेपरवेट म्हणून सरकीच्या पुड्या, पंखा जोरात आहे तिथला.

सुरुवात (३ मिनिटं, यापेक्षा जास्त बोलायचं नाही)

"राम राम मंडळी. मी इथलीच, आपल्या शेतकरी कंपनीत काम करते, माझे बाबा मागच्या रांगेत बसले आहेत त्यामुळे मी काही चुकीचं बोलली तर घरी गेल्यावर समजेलच. आज हार-तुरे नाहीत, शाल नाही, पाहुण्यांनी पण तेच सांगितलं. चौघांनी आपापल्या स्लाइड मला आधीच पाठवल्या होत्या. मी त्या रात्री बसून वाचल्या, आणि एक गंमत दिसली. चौघं पण गुलाबी बोंडअळीवरच बोलतात, पण वावर रिकामं कधी करायचं या एका गोष्टीवर चौघांच्या स्लाइड चार दिशेला जातात. आज तेवढंच पकडून बसू. शेवटी मी प्रत्येकाला एक तारीख विचारणार आहे, आतापासूनच डोक्यात ठेवा जी."

(फळ्यावर लिहून ठेवायचं: वावर कधी रिकामं? खाली चार रकाने.)

"प्रत्येकाला स्लाइड दाखवायला ७ मिनिटं. ६ मिनिटं झाली की मी उभी राहीन. ७ झाली की मी बोलायला लागीन, वाईट वाटून घेऊ नका."

पहिल्या, कीटकशास्त्राच्या मॅडम (कृषी विद्यापीठ, अकोला)

ओळख: "मॅडम अकोल्याहून पहाटे निघाल्या. बोंडअळीवर काम करतात. बाकी त्यांच्या स्लाइड सांगतील."

(त्यांच्या ११ स्लाइड आहेत, सातव्या मिनिटाला फार तर आठवी येईल. ९ आणि १० फवारणीच्या औषधांच्या यादीच्या आहेत, त्या राहिल्या तर चालतील, प्रिंट वाटू.)

प्रश्न १, स्लाइड २ वरून: "मॅडम, तुम्ही लिहिलं की बीटी २००२ ला आली, दोन जीनवाली २००६ ला, आणि आता गुलाबी अळीला दोन्ही जीन फिके पडले. मग लोक विचारतात की आम्ही पाकिटाचे पैसे कशाचे देतो? आजच्या घडीला बीटी कोणत्या अळीवर चालते आणि कोणत्या नाही, एवढं सरळ सांगा."

(उत्तरात हिरवी अळी, ठिपक्याची अळी आली पाहिजे. नाही आली तर: "म्हणजे हिरव्या बोंडअळीचं काय मॅडम?" लोकं बीटी म्हणजे सगळ्या अळ्यांचं औषध समजतात, हे आज फुटलं पाहिजे.)

प्रश्न २, स्लाइड ४ वरून: "तुमचा आकडा आहे, एका कामगंध सापळ्यात रात्रीला ८ पतंग, सलग ३ रात्री, मग फवारा. मला सांगा, चौथ्या रात्री ५ च आले तर? आणि ज्याच्या वावरात सापळा नाही पण शेजाऱ्याकडे आहे त्यानं काय पाहायचं?"

(इथे डोमकळीचा विषय मॅडम स्वतः काढतील, स्लाइड ५ वर फोटो आहे. काढला नाही तर स्लाइड ५ लावून: "हे गुलाबासारखं मिटलेलं फूल आपल्या वावरात कोणाकोणाला दिसलं, हात वर करा." हात मोजायचे. हे नक्की करायचं, सभा इथेच जागी होते.)

प्रश्न ३, स्लाइड ७ वरून: "तुम्ही लिहिलं डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊ नका. यावर मी आता उत्तर घेत नाही, भाऊंची स्लाइड झाली की तुम्हाला परत येते."

दुसरे, आपले कास्तकार भाऊ

ओळख: "भाऊ आपल्याच भागातले, ४ एकर कपाशी. स्लाइड त्यांच्या मुलीनं मोबाईलवर केल्या, त्यांचं म्हणणं आहे की स्लाइडमधली चूक झाली तर मुलीची, बरोबर असलं तर त्यांची."

(भाऊ बोलायला लागले की थांबत नाहीत, पण त्यांचंच ऐकायला लोक आले आहेत. यांना ९ मिनिटं देते, बाकीच्यांना सांगायचं नाही.)

प्रश्न १, स्लाइड ३ (वहीचा फोटो): "भाऊ, तुमच्या वहीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सापळ्यात ११, ९ आणि १४ पतंग लिहिले आहेत, लागोपाठ तीन रात्री. मॅडमचा आकडा ८ चा. म्हणजे तिसऱ्या रात्रीच वेळ आली होती. फवारा मात्र तुम्ही पुढच्या शुक्रवारी मारला. मधले दिवस काऊन गेले?"

(फोनवर त्यांनी सांगितलं होतं की पंप दुसऱ्याकडे होता आणि मजूर मिळाला नाही. तेच इथे पण सांगतील, चालेल, खरं तर तेच हवं. 'उशीर केला' असा सूर लागू द्यायचा नाही. त्यानंतर विचारायचं: "म्हणजे आकडा समजला तरी हात मोकळा नव्हता. गावात एक पंप, एक माणूस ठरवून ठेवला तर हे टळतं का?")

प्रश्न २, स्लाइड ५ वरून: "फरदडीचा हिशेब तुम्ही टाकला, जानेवारी-फेब्रुवारीत आणखी ३ क्विंटल निघाला. पण तुमच्या फोटोत ढिगात कवडी किती दिसते ते मला पण दिसलं. वेचाई, पाणी, एक फवारा हे काढून हातात किती राहिले? स्लाइडवर मिळालेलंच आहे, गेलेलं नाही."

(भाऊंशी ठरलं आहे, हा प्रश्न त्यांना माहीत आहे. खर्चाचा आकडा वहीतून वाचून दाखवतील. मी दुसरी बाजू लावून विचारणार: "आणि याच ३ क्विंटलसाठी वावरात पुढच्या हंगामाची अळी किती ठेवली?")

इथे लगेच मॅडमकडे: "मॅडम, आता तुमची स्लाइड ७. भाऊंना डिसेंबरात उपटा म्हणता, पण बोंडं झाडावर हिरवी असतात, ती सोडून उपटायचं कसं? आणि ज्याच्याकडे ओलित आहे त्याला हरभरा घेता येतो, कोरडवाहूवाल्यानं काय करायचं?"

(हा प्रश्न जमला तर बाकीचे सगळे राहिले तरी चालेल. ८ मिनिटं मोकळी सोडली आहेत. भाऊ आणि मॅडम एकमेकांशी बोलू लागले तर मी मधे पडायचं नाही, फक्त माइक पुढे मागे.)

तिसरे, जिनिंगचे व्यवस्थापक काकाजी, हिंगणघाटहून

ओळख: "काकाजींना आपण कापूस विकतो तेव्हा भेटतो, आज दुसऱ्या बाजूनं ऐकू."

प्रश्न १, स्लाइड २ वरून: "काकाजी, तुम्ही लिहिलं की १०० किलो कापसातून रुई साधारण ३३-३४ किलो, बाकी सरकी. मला सरकीचंच विचारायचं. मॅडमच्या स्लाइड ६ वर आहे की अळी दोन सरक्या चिकटवून आत लपते. मग तुमच्या आवारात एप्रिल-मे पर्यंत पडून असलेल्या ढिगातून पतंग निघून कुठं जातात?"

(हे थोडं टोचेल. आवाज खाली ठेवायचा, हसून विचारायचं. काकाजी 'आम्ही सापळे लावतो' म्हणाले तर मागोमाग: "किती लावले, आणि पतंगाचा आकडा कोण लिहितं?" जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावायची शिफारस आहे, त्यामुळे प्रश्न वावगा नाही.)

प्रश्न २, स्लाइड ४ वरून: "भाव कापताना तुम्ही ओलावा आणि कवडी दोन्ही धरता. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता, आणि खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो. कास्तकाराला गाडी घेऊन यायच्या आधीच घरी कसं समजावं की आपला माल १२ च्या वर आहे?"

(त्यांनी 'दाताखाली सरकी फोडून पाहा' म्हटलं तर लोक हसतील, हसू द्या.)

वेळ कमी असेल तर प्रश्न २ सोडायचा, १ सोडायचा नाही.

चौथे, ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर

(यांना शेवटी ठेवलं कारण लोक गंभीर होऊन जातात. स्लाइड ५ च आहेत, साध्या आहेत, छान आहेत.)

ओळख: "२०१७ चा पावसाळा-हिवाळा आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. डॉक्टर साहेब त्यावरच बोलणार."

प्रश्न १, स्लाइड ३ वरून: "साहेब, डब्यावरचा त्रिकोण तुम्ही दाखवला, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तुमच्याकडे जो माणूस येतो त्याच्यासोबत डबा किती वेळा असतो? आणि डबा नसला तर तुमचं काय अडतं?"

प्रश्न २, स्लाइड ४ वरून: "तुम्ही लिहिलं, डोळ्याची बाहुली बारीक होणे, घाम, लाळ, उलटी. वावरात चक्कर आलेल्या माणसाला लोक आधी पाणी पाजतात, ताक देतात, सावलीत झोपवतात. यातलं काय करायचं आणि काय अजिबात नाही?"

(उत्तर आलं की मी एकदा मोठ्यानं परत म्हणायचं, बायांना नीट ऐकू गेलं का विचारायचं. कपडे बदलायचे आणि साबणानं धुवायचे हे सुटायला नको.)

प्रश्न ३, भाऊंना आणि डॉक्टरांना मिळून: "भाऊंच्या स्लाइड २ वर पऱ्हाटी डोक्याच्या वर दिसते. डोक्याच्या वर फवारा मारला तर तो अंगावरच येतो. झाड एवढं वाढलं असेल तर फवारायचं का नाही, आणि वाऱ्याचं काय?"

चार तारखा (१० मिनिटं)

"आता फळा. मॅडम, वावर रिकामं कधी? ... भाऊ? ... काकाजी, तुमच्यासाठी शेवटची गाडी कधी येऊन थांबली पाहिजे? ... डॉक्टर साहेब, शेवटचा फवारा कोणत्या महिन्याच्या पुढे नको?"

(लिहायचं, वाद झाला तर दोन मिनिटं होऊ द्यायचा. भाऊ बहुतेक फेब्रुवारी म्हणतील, मॅडम डिसेंबर. "भाऊ, जानेवारीच्या संक्रांतीला येता का?" असं विचारून पाहायचं. नाही म्हणाले तर तेच लिहायचं, त्यांच्या तोंडून बदलवून घ्यायचं नाही.)

मग सभेकडे वळून: "ज्यांच्या घरी यंदा उलंगवाडी संक्रांतीच्या आत होऊ शकते, त्यांनी हात वर करा." हात मोजून फळ्यावर.

सभेतले प्रश्न (१५ मिनिटं)

"एका माणसाचा एक प्रश्न, आणि भाषण नाही. पहिले दोन प्रश्न बायांकडून घेईन, वेचाई त्याच करतात."

(विमा, कर्जमाफी, वन्यप्राणी हे विषय येणारच. त्यांना: "हे खरं आहे भाऊ, पण इथं बसलेल्या चौघांपैकी कोणाच्या हातात नाही, मी लिहून घेते." वही जवळ ठेवायची, खरंच लिहायचं.)

शेवट

"मॅडम, भाऊ, काकाजी, डॉक्टर साहेब, चौघांचे आभार. स्लाइडच्या प्रिंट दाराजवळ आहेत, फळ्याचा फोटो मी गावाच्या ग्रुपवर टाकते. कामगंध सापळे ज्यांनी नावं दिली त्यांनी चहा झाल्यावर टेबलाजवळ या, एकरी दोन मिळतील, ल्युर वेगळी आहे, ती विसरू नका आणि तंबाखूच्या हातानं धरू नका. चहा-पोहे मागच्या खोलीत, आणि बाबा, तुम्ही खुर्च्या लावायला थांबा."