प्रति: देशमुख

प्रेषक: नीलिमा साठे, लेखा विभाग
प्रति: विनायक देशमुख
विषय: एक नाजूक काम
सोमवार, सकाळी 11:42

विनय,

फोनवर बोलता येणार नाही, सर शेजारच्या केबिनमध्येच आहेत, म्हणून लिहितेय.

वार्षिक मोजणीत स्टोअर्समधल्या चार वस्तू कमी भरल्यात. सगळ्यात मोठा फरक ऑइल सीलचा, पुस्तकापेक्षा 209 नग कमी. व्ही-बेल्ट 54, फिल्टर 35, कपलिंग 17. पाटील सरांनी स्टोअर्सच्या देशमुख काकांना कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरवलंय आणि मसुदा माझ्याकडे आलाय. गुरुवारी संध्याकाळी ती त्यांच्या हातात जाणार.

माझ्याकडून लिहिणं होत नाहीये. मी त्यांच्याशी जेमतेम दोनदा बोलले असेन. पण किल्ली त्यांच्याकडे, प्रत्येक स्लिपवर सही त्यांची, आणि इथे वर सगळे धरूनच चाललेत की माल बाहेर गेला. “निवृत्ती जवळ आली की माणसाची नियत फिरते,” असं काल कुणीतरी म्हणालं. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

तुमच्या विभागात मागे अशी एक नोटीस निघाली होती ना? तिची भाषा पाठव. कमीत कमी लागेल अशी.

नीलिमा


प्रेषक: मेल प्रणाली
प्रति: विनायक देशमुख
विषय: संदेश परत घेण्याची विनंती
सोमवार, सकाळी 11:51

नीलिमा साठे यांना “एक नाजूक काम” हा संदेश परत घ्यायचा आहे.


प्रेषक: नीलिमा साठे
प्रति: विनायक देशमुख
विषय: कृपया आधीचा मेल उघडू नका
सोमवार, सकाळी 11:53

देशमुख सर,

माझ्याकडून आत्ता एक मेल चुकून तुम्हाला गेला आहे. तो डिझाइन विभागातल्या विनय देशमुख यांच्यासाठी होता. कृपया न वाचता काढून टाका.

आपली,
नीलिमा साठे


प्रेषक: विनायक देशमुख, स्टोअर्स
प्रति: नीलिमा साठे
विषय: उत्तर: कृपया आधीचा मेल उघडू नका
मंगळवार, सकाळी 9:10

नीलिमा मॅडम,

तुमचा दुसरा मेल येण्याआधीच पहिला वाचून झाला होता. काल उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागात लिहिलेलं पाठवू नये, म्हणून थांबलो. रात्री तुमचे आकडे कागदावर मांडले.

209 ला 11 ने भाग जातो. 19 येतात. ऑइल सील आमच्याकडे 12 च्या खोक्यात येतात. मेकॅनिक स्लिपवर “1 खोका” लिहितो, मी 12 सील देतो. संगणकावर नोंद करणारा मुलगा फक्त “1” टाकतो, आणि नवीन सॉफ्टवेअर तो 1 नग धरतं. माल 12 ने कमी होतो, पुस्तक 1 ने. प्रत्येक खोक्यामागे 11 चा फरक पडतो. 19 खोक्यांचे 209.

फिल्टर 6 च्या खोक्यात येतात, म्हणजे खोक्यामागे 5 चा फरक. 35 म्हणजे 7 खोकी. व्ही-बेल्टचा गठ्ठा 10 चा, म्हणून 9 चा फरक. 54 म्हणजे 6 गठ्ठे. पण 9 बद्दल एक सांगतो. नोंदीत दोन अंकांची अदलाबदल झाली, 17 चे 71 झाले, तरी फरकाला 9 ने भाग जातोच. त्यामुळे व्ही-बेल्टचं स्लिपा पाहिल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कपलिंग सुटे येतात. त्यांना हा हिशोब लागू पडत नाही.

हे मी आज प्रथमच सांगतोय असं नाही. सॉफ्टवेअर बदललं त्याच महिन्यात पाटील साहेबांना कळवलं होतं, आणि नंतर दोनदा आठवण केली. त्यांचं उत्तरही आलं होतं, “नोंद घेतली.” मग आता नोटीस कशी, हे मला कळलेलं नाही.

वि. देशमुख


प्रेषक: नीलिमा साठे
प्रति: सुनील पाटील, प्रमुख, लेखा विभाग
विषय: स्टोअर्समधील तफावत
मंगळवार, सकाळी 9:48

सर,

तफावतीचं कारण खोका आणि नग यांच्या नोंदीत असावं असं वाटतं. देशमुख सरांनी याबद्दल आपल्याला पूर्वी मेल केले होते असं ते म्हणतात. ते मिळतील का?

नीलिमा


प्रेषक: सुनील पाटील
प्रति: नीलिमा साठे
विषय: उत्तर: स्टोअर्समधील तफावत
मंगळवार, सकाळी 10:20

असा एकही मेल मला आलेला नाही. आत्ता पुन्हा शोधून पाहिलं. अडचणीत आलेला माणूस “मी कळवलं होतं” असंच म्हणतो. आणि नोटिशीचा विषय तुम्ही परस्पर त्यांच्याशी बोललात, हे योग्य झालं नाही. मसुदा गुरुवारी दुपारपर्यंत हवा.


प्रेषक: नीलिमा साठे
प्रति: विनायक देशमुख
विषय: ते जुने मेल
मंगळवार, सकाळी 10:31

सर,

पाटील सर म्हणतात, मेल आलेच नाहीत. तुमच्याकडे पाठवलेल्याच्या प्रती असतील तर जशाच्या तशा मला पुढे पाठवा, वरचा पत्त्याचा भाग न काढता.

कालच्या मेलमधल्या वाक्याबद्दल मला तुमची माफी मागायची आहे. पण हे आधी.

नीलिमा


प्रेषक: विनायक देशमुख
प्रति: नीलिमा साठे
विषय: पुढे: सीलच्या नोंदीबाबत
मंगळवार, सकाळी 11:05

तिन्ही मेल आणि आलेलं उत्तर खाली आहे.

> प्रति: एस. पाटील
> साहेब, नवीन प्रणालीत खोक्याची नोंद नग म्हणून पडते आहे. आत्ताच दुरुस्त केलं नाही तर वर्षअखेर मोजणी जुळणार नाही. वि. देशमुख

> प्रति: एस. पाटील
> साहेब, वरील विषयाची आठवण. रात्रपाळीत जास्त होतं.

> प्रेषक: एस. पाटील
> नोंद घेतली. धन्यवाद.

> प्रति: एस. पाटील
> साहेब, नोंद घेतल्याबद्दल आभारी आहे. जुन्या नोंदी कधी दुरुस्त करायच्या ते कळवावं.


प्रेषक: नीलिमा साठे
प्रति: सुनीता पाटील, प्रशिक्षण विभाग
विषय: स्टोअर्सचे मेल
मंगळवार, सकाळी 11:22

सुनीता मॅडम,

आपण कधी भेटलो नाही. देशमुख सरांच्या मेलमधल्या “एस. पाटील” या नावावर टिचकी मारली तर पत्ता तुमचा निघतो. त्यांना वाटतंय की ते वर्षभर सुनील पाटील सरांना लिहीत होते. “नोंद घेतली” हे तुम्ही लिहिलं होतं का? गुरुवारच्या आत कळणं फार गरजेचं आहे.

नीलिमा साठे


प्रेषक: सुनीता पाटील
प्रति: नीलिमा साठे
विषय: उत्तर: स्टोअर्सचे मेल
मंगळवार, दुपारी 3:40

नीलिमा,

हो, ते उत्तर माझंच. नवीन सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण मीच घेत होते, तेव्हा अडचणी सगळीकडून माझ्याकडेच यायच्या. “साहेब” वाचून थोडं चमकले, पण सवयीने लिहिलं असेल असं धरून चालले. तिसऱ्या मेलमधला प्रश्न माझ्या कामाचा नव्हता, आणि मी तो कुणाकडे पाठवलाही नाही. हे मला लागून राहिलंय.

मात्र दुसऱ्या मेलनंतर मी एक केलं होतं. रात्रपाळीच्या मुलांना पुन्हा बोलावून अर्धा दिवस फक्त एककावर घालवला: खोका की नग, ते आधी निवडा, मग आकडा टाका. हजेरीपट तारखेसह जोडलाय. देशमुख सर म्हणतात ते खरं असेल तर त्या तारखेनंतर ही चूक थांबलेली दिसायला हवी. बघशील?

सुनीता


प्रेषक: नीलिमा साठे
प्रति: सुनील पाटील
प्रत: विनायक देशमुख, सुनीता पाटील
विषय: नोटिशीचा मसुदा केलेला नाही
बुधवार, संध्याकाळी 7:15

सर,

आज दिवसभर स्टोअर्समध्ये बसून मूळ स्लिपा आणि संगणकातल्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या.

ऑइल सील: स्लिपांवर “खोका” आणि संगणकात “नग” असं झालेली 19 खोकी सापडली. फरक पूर्ण जुळला. फिल्टरची 7 खोकी, तीही जुळली. व्ही-बेल्टच्या 6 गठ्ठ्यांच्या स्लिपा सापडल्या, अंकांची अदलाबदल कुठेही नाही. यातली प्रत्येक नोंद सुनीता मॅडमच्या प्रशिक्षणाच्या आधीची आहे, नंतरची एकही नाही.

देशमुख सरांनी पहिल्याच महिन्यात लेखी कळवलं होतं. ते मेल सुनीता मॅडमना गेले, कारण “एस. पाटील” टाकलं की प्रणाली त्यांचा पत्ता आधी पुढे करते. आजही करते, मी करून पाहिलं.

17 कपलिंगचा हिशोब लागलेला नाही. तो लागला असं मी म्हणणार नाही.

नोटीस काढायचीच असेल तर ती कपलिंगपुरती असावी, आणि त्याआधी त्यांना विचारलं जावं. 209 सीलसाठी मी नोटीस लिहू शकत नाही. परस्पर बोलण्याबद्दल आपण जे म्हणालात ते मला मान्य आहे, पण मोजणीनंतर त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं होतं आणि आपण कुणीच बोललो नाही.

नीलिमा


प्रेषक: सुनील पाटील
प्रति: विनायक देशमुख
प्रत: नीलिमा साठे, सुनीता पाटील
विषय: तफावत
गुरुवार, सकाळी 10:02

विनायकराव,

स्लिपा मी स्वतः पाहिल्या. नोटीस निघणार नाही. तीन वस्तूंच्या नोंदी आजच दुरुस्त होतील.

मी आकडा पाहिला आणि थेट माणसावर गेलो. खाली उतरून तुम्हाला विचारायला पाच मिनिटं लागली असती. हे मी लेखी मान्य करतो, कारण संशयही माझ्या विभागात मोठ्याने बोलला गेला होता. ज्यांच्यासमोर तो बोलला गेला त्यांना आज बैठकीत सांगणार आहे. तुम्ही यावं अशी विनंती.

सुनील पाटील


प्रेषक: विनायक देशमुख
प्रति: सुनील पाटील
विषय: उत्तर: तफावत
गुरुवार, सकाळी 10:40

साहेब,

बैठकीला येत नाही, माल उतरायचा आहे. तुम्ही सांगाल, तेवढं पुरे.

वि. देशमुख


प्रेषक: विनायक देशमुख
प्रति: नीलिमा साठे
विषय: कपलिंग
गुरुवार, दुपारी 1:15

नीलिमा,

माफी तुम्ही काल स्टोअर्समध्ये मागितलीत, ती पोचली. तुमच्या मेलमधलं ते वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण चोर म्हटलं म्हणून जितकं लागलं, त्याहून जास्त याचं लागलं की इतक्या वर्षांत बिन कार्ड मागायला वरून कुणी आलं नाही. प्रत्येक खणाला एक कार्ड आहे. आलं किती, गेलं किती, राहिलं किती, सगळं मी हाताने लिहितो. तुम्ही आलात आणि आधी तेच मागितलंत.

आता 17 कपलिंग. काल रात्री मी कार्ड पुन्हा पाहिलं. कार्डावरही 17 कमीच आहेत, म्हणजे ही चूक संगणकाची नाही. एकतर स्लिप न घेता माल गेला किंवा आवक मोजताना मीच चुकलो. दोन्हीची जबाबदारी माझी. पाटील साहेब तुमच्यामुळे हे सोडून देतील, तर तसं होऊ देऊ नका. अहवालात 17 तसेच लिहा, खाली सही मी करतो.

एक धागा आहे. मागच्या मोठ्या दुरुस्तीत रात्री घाईने माल गेला होता. तेव्हाच्या कामाच्या नोंदी मेंटेनन्सकडे असतील. तुम्ही मागितल्या तर लवकर मिळतील.

वि. देशमुख


प्रेषक: नीलिमा साठे
प्रति: विनायक देशमुख
विषय: उत्तर: कपलिंग
गुरुवार, दुपारी 1:22

काका,

मेंटेनन्सला आत्ताच लिहिलं, पत्ता दोनदा वाचून. नोंदी उद्या सकाळी मिळतील. दहा वाजता त्या घेऊन खाली येते. 17 तसेच लिहिलेत.

नीलिमा