ब्रँड विस्तार आणि श्रेणीविस्तार : जोखीम, ब्रँड डायल्युशन आणि उदाहरणे

एम.बी.ए. विपणन विशेषीकरण, ब्रँड व्यवस्थापन, सत्रान्त परीक्षेसाठी टिपण

प्रश्न : ब्रँड विस्तार व श्रेणीविस्तार यांतील जोखीम सोदाहरण स्पष्ट करा.

प्रस्थापित ब्रँडचे नाव वेगळ्या उत्पादनवर्गात नेणे म्हणजे ब्रँड विस्तार, आणि त्याच वर्गात नवा स्वाद, नवा आकार, नवी किंमत किंवा नवा घटक घेऊन येणे म्हणजे श्रेणीविस्तार, म्हणजेच लाइन एक्स्टेंशन. मॅगीने नूडल्सनंतर केचप आणले तेव्हा तो ब्रँड विस्तार झाला, तर आटा नूडल्स आणल्या तेव्हा तो श्रेणीविस्तार झाला. काही पाठ्यपुस्तके श्रेणीविस्ताराला ब्रँड विस्ताराचाच उपप्रकार मानतात, म्हणून उत्तरात आपण कोणती व्याख्या स्वीकारली आहे ते सुरुवातीलाच नमूद करावे.

या प्रश्नाच्या उत्तरांत सर्वाधिक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. विस्तारित उत्पादन बाजारात अपयशी ठरणे आणि मूळ ब्रँडचे डायल्युशन होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, तरी बहुतेक उत्तरपत्रिकांत त्या एकच समजल्या जातात. डायल्युशन म्हणजे ग्राहकाच्या मनात ब्रँडशी जोडलेला अर्थ पातळ होणे: ब्रँड नेमका कशासाठी ओळखला जातो, तो इतरांहून कशात सरस आहे आणि त्यासाठी जास्त किंमत का मोजावी, या प्रश्नांची उत्तरे पुसट होत जाणे. विस्तार फसूनही मूळ ब्रँड सुरक्षित राहू शकतो. उलट, विस्ताराची विक्री उत्तम होऊनही मूळ ब्रँड पोखरला जाऊ शकतो, आणि माझ्या मते हीच शक्यता अधिक गंभीर आहे, कारण विक्रीचे आकडे चांगले असताना ती कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या प्रकारचे उदाहरण पॉन्ड्सचे आहे. क्रीम आणि टाल्कम पावडरीसाठी घरोघरी परिचित असलेल्या या ब्रँडने भारतात टूथपेस्ट आणून पाहिली, परंतु त्वचेची निगा आणि सुगंध यांच्याशी जोडलेले नाव ग्राहकांना दातांसाठी स्वीकारता आले नाही. येथे सुसंगतीचा, म्हणजे फिटचा, अभाव होता. आकर आणि केलर यांच्या 1990 च्या प्रसिद्ध अभ्यासाने विस्ताराच्या स्वीकारात या सुसंगतीचे महत्त्व ठळक केले. तरीही टूथपेस्टमुळे पॉन्ड्सच्या क्रीमची प्रतिष्ठा ढासळली असे झाले नाही. विस्तार मूळ ब्रँडपासून इतका दूर होता की ग्राहकाने तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला. डेटॉल साबणाचे उदाहरण याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. आरंभी त्याची मांडणी सौम्य, प्रेमळ निगा घेणारा साबण अशी झाली आणि ती रुजली नाही. पुढे जंतूंपासून संरक्षण हा मूळ द्रवाचा गाभाच साबणाने उचलला, तेव्हा त्याला बाजारपेठ मिळाली.

दुसऱ्या प्रकारासाठी पिअर कार्दँ हे नाव पुरेसे आहे. पॅरिसच्या या फॅशनकाराने आपले नाव शेकडो उत्पादनांसाठी परवान्याने दिले, आणि पेनपासून टॉवेलपर्यंतच्या वस्तूंवर ते झळकू लागले. परवान्यांचे उत्पन्न मोठे होते, त्यामुळे व्यवसाय म्हणून हे अपयश म्हणता येणार नाही. मात्र उच्चभ्रू फॅशनच्या नावाची दुर्मिळता हेच त्याचे मूल्य असते, आणि जे नाव कोणत्याही दुकानात मिळते त्याला ती दुर्मिळता टिकवता येत नाही.

श्रेणीविस्तार तुलनेने सुरक्षित असतो, असे विधान अनेकदा सरसकट केले जाते. स्वीकाराच्या दृष्टीने ते बरेचसे खरे आहे. डायल्युशनच्या दृष्टीने नाही. नवे उत्पादन मूळ उत्पादनाच्या जितके जवळचे, तितका ग्राहक त्याला ब्रँडचा खरा प्रतिनिधी मानतो, आणि म्हणून त्यातील उणीव मूळ ब्रँडच्या खात्यावर जमा होते. जॉन, लोकन आणि जॉइनर यांच्या 1998 च्या संशोधनातही हेच सूचित होते की ब्रँडच्या प्रमुख उत्पादनाबद्दलच्या समजुती सहसा टिकून राहतात, परंतु विसंगत विस्तार त्याच उत्पादनप्रकारात झाला तर त्यांनाही धक्का बसू शकतो.

कॅडिलॅक सिमारॉन हे अधोगामी श्रेणीविस्ताराचे ठळक उदाहरण आहे. 1982 च्या मॉडेल वर्षासाठी जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या नावाने लहान गाडी आणली. तिचा सांगाडा स्वस्त शेव्हरोले कॅव्हेलियरशी सामायिक होता आणि इंजिन चार सिलिंडरचे होते. मोठ्या, ऐषारामी गाडीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला त्यामुळे थेट प्रश्न पडला की या नावाचे मोल नेमके कशाचे. 1988 मध्ये उत्पादन थांबले, तरी ब्रँडच्या प्रतिमेवरील डाग लगेच पुसला गेला नाही. ऊर्ध्वगामी विस्तारात अडचण उलटी असते. मारुती सुझुकीने 2011 मध्ये किझाशी ही महागडी सेडान आणली तेव्हा परवडणाऱ्या, किफायतशीर गाड्यांची ओळखच आड आली आणि गाडी चालली नाही. मात्र मारुतीच्या लहान गाड्यांचे त्यामुळे काही बिघडले नाही.

श्रेणीविस्तारातील दुसरी जोखीम स्वभक्षणाची, म्हणजे कॅनिबलायझेशनची आहे. हा मुद्दा आकड्यांनी मांडल्यास उत्तर भक्कम होते. समजा, एका चहा कंपनीच्या जुन्या पुड्यावर प्रति नग 20 रुपये आणि नव्या स्वादाच्या पुड्यावर 14 रुपये अंशदान मिळते. नवे 100 पुडे विकले गेले आणि त्यांपैकी 60 ग्राहक जुन्या पुड्याकडूनच आले, तर नव्या पुड्याचे 1400 रुपये मिळतात, परंतु जुन्याचे 1200 रुपये बुडतात आणि निव्वळ लाभ अवघा 200 रुपये उरतो. जाहिरात, वेगळे वेष्टन आणि साठवणूक यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. 14 भागिले 20, म्हणजे 70 टक्के, ही येथील समतोल मर्यादा होय. नव्या विक्रीतला त्याहून मोठा वाटा जुन्या पुड्याकडून आला तर विक्री वाढूनही कंपनीला तोटा होतो. मात्र असे ग्राहक तसेही प्रतिस्पर्ध्याकडे जाणार होते का, हे पाहिल्याशिवाय स्वभक्षण नेहमी वाईटच असते असा निष्कर्ष काढू नये. दुकानाच्या फळीवरील जागा मर्यादित असते, त्यामुळे फार प्रकार झाले की कमी खपाचे प्रकार विक्रेता ठेवत नाही आणि ग्राहकही निवडीत गोंधळतो, एवढी नोंद पुरे.

एकाच नावाखाली अनेक उत्पादने असल्यास संकटही सामायिक होते. जून 2015 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने शिसे आणि लेबलवरील माहिती यांच्या कारणावरून मॅगी नूडल्सचे नऊही मान्यताप्राप्त प्रकार बाजारातून मागे घेण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो आदेश रद्द करून फेरचाचणी सांगितली, आणि नोव्हेंबरमध्ये नूडल्स पुन्हा विक्रीस आल्या. हे संकट विस्तारातून उद्भवले नव्हते, म्हणून त्याला डायल्युशनचे उदाहरण म्हणणे चूक ठरेल. परंतु केचप आणि मसाल्याच्या पुडीवरही तेच नाव असल्याने नूडल्सवरील प्रश्नचिन्ह त्या वस्तूंपर्यंत पोहोचण्याची वाट विस्तारानेच मोकळी केलेली असते, हे मात्र लिहावे.

उपायांचा मुद्दा विचारलेला असल्यास नावांमधील अंतर हा त्याचा गाभा आहे. उपब्रँड, पाठिंबा देणारे मूळ नाव आणि पूर्णतः स्वतंत्र ब्रँड या क्रमाने मूळ ब्रँडचे संरक्षण वाढते आणि त्याच क्रमाने त्याच्या प्रतिष्ठेचा लाभ कमी होतो, त्यामुळे नव्या नावाच्या उभारणीचा खर्चही वाढतो. टोयोटाने 1989 मध्ये आलिशान गाड्यांसाठी लेक्सस हा वेगळा ब्रँड आणि अमेरिकेत त्याचे वेगळे विक्रेते उभे केले, तेव्हा तिने हा खर्च जाणीवपूर्वक पत्करला होता.